शेपटीकडून सोडवलेला साप

शाळेच्या वाचनालयात शब्दसापाची अंतिम फेरी रंगात आली होती आणि छोटीचे हात नुसते शिवशिवत होते. दादा दहावीचा, गेल्या वर्षीचा विजेता. पेन त्याच्याच हातात. छोटीला जोडीदार म्हणून घेतलं होतं, ते आईनं डोळे वटारले म्हणून!

"तू फक्त सूचना वाच," दादानं आधीच बजावलं होतं.

साप सोळा चौकोनांचा. वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघायचं, कडेकडेनं वळत आत शिरायचं. एका शब्दाचं शेवटचं अक्षर तेच पुढच्याचं पहिलं, एकाच चौकोनात. 'परीक्षक', 'कवडसा', 'साप' झटपट बसले. मग आलं, "वारा आला की उडतो." तीन अक्षरं, सुरुवात 'प'.

"पतंग!" दादानं ठसक्यात लिहून टाकलं.

आणि तिथेच गाडं अडलं. "सैन्य पुढे, ही मागे." तीन अक्षरं, 'ग'पासून.

"गर्दी?"

"दोनच अक्षरं होतात, शहाण्या."

पलीकडच्या टेबलावरची जोडीही डोकं खाजवत होती. छोटीनं सरळ शेवटची सूचना गाठली.

"अगं, मधलं सोडून कुठे निघालीस?"

"शेपटीकडे! कंबर बारीक, आवाज मोठा... डमरू! म्हणजे आधीचा शब्द 'ड'नं संपतो. पायाला ठेच देतो... दगड! म्हणजे आपला अडलेला शब्द 'द'नं संपणार."

"ग, काहीतरी, द... गद्गद! सैन्य पुढे, गद्गद मागे!" दादा स्वतःच हसला.

छोटी हसली नाही. सैन्याच्या मागे काय जातं? खाणंपिणं, दाणागोटा... "रसद! दादा, रसद! मग कोपऱ्यात 'ग' नाही, 'र' हवा. पतंग खोड."

दादाचा चेहरा उतरला. खाडाखोड एकदाच चालायची. दुसऱ्यांदा केली की जोडी बाद. "आणि तू चुकलीस तर?"

"वाऱ्यानं उडणारं, 'प'पासून, शेवटी 'र'." छोटीनं खिडकीजवळ उभ्या ग्रंथपाल बाईंकडे बोट केलं. त्यांच्या खांद्यावरून साडी फडफडत होती. "पदर!"

दादानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग पेनच तिच्या हातात दिलं. "तूच खोड."

तिनं खोडलं. भीत भीत नव्हे, चांगली ठळक रेघ मारून. पदर, रसद, दगड, डमरू, सगळे एकमेकांचं बोट धरून आत उतरले, आणि शेवटच्या चौकोनात 'रू' नेमका बसला.

बाईंनी कागदावर बोट फिरवत साप पुरता वाचला. "बरोबर! कुणाला सुचलं हे उलटं जायचं?"

दादानं तोंड उघडलं, पण छोटीनं त्याला संधीच दिली नाही.

"मला!"

वाचनालयात एवढ्या मोठ्यानं बोलायचं नसतं, तिला ठाऊक होतं. तरी बाईंना नीट ऐकू गेलं नसेल म्हणून तिनं आणखी एकदा सांगितलं.