पांढरे कपडे घालून येऊ नका

बुऱ्हाणपूरजवळच्या जसोंडी गावातल्या आपल्या केळीच्या मळ्यात सहली सुरू करायच्या, हे रंजिताच्या डोक्यातून निघालं होतं. सासरे गिरधर दोन दिवसांनी ‘करून पाहू’ म्हणाले. सासूबाईंनी, धुरपदाबाईंनी, चुलीवरचा स्वयंपाक अंगावर घेतला. फक्त ‘जेवणाचे पैसे लिहू नको बाई, बरं नाही दिसत’ एवढंच म्हणाल्या. मग रंजिताने जेवण, बैलगाडी, सगळं मिळून एकच फी ठरवली आणि तो वाद मिटवला.

मोबाइलवर टाकायच्या फोटोखालचा मजकूर तिने जीव ओतून लिहिला. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. केळीचा घड स्वतः कापा, बैलगाडीत बसा, बोअरच्या कोमट पाण्याच्या हौदात डुंबा. नाश्त्याला पोहे, जेवायला वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवभाजी. मोठ्यांना सहाशे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना साडेतीनशे, त्याहून लहानांना काही नाही. शेवटी सोबत काय आणायचं ते: टोपी, टॉवेल, नेहमीची औषधं, आणि जुने कपडे, कारण केळीच्या चिकाचा डाग जन्मात निघत नाही.

तिचा नवरा चंदन वाचत वाचत शेवटी अडखळला.

“इतना कौन पढता है? आणि डाग-बिग लिहिलं तर बुऱ्हाणपूरचे लोक येतील का? ये लास्टवाला हटा दे.”

रंजिताला पटलं नव्हतं. पण पहिलीच वेळ, उगाच अपशकुन नको म्हणून तिने तो भाग काढून टाकला.

रविवारी बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातून पहिलं कुटुंब आलं. वामन सर, त्यांच्या पत्नी सुलभाताई आणि दोन मुलं. रिक्षातून उतरले तेव्हा रंजिताची नजर आधी कपड्यांवर गेली. चौघंही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत.

“हिरव्या केळीत पांढरं उठून दिसतं ना,” सुलभाताई हसून म्हणाल्या. “फोटोसाठी मुद्दाम घातलेत.”

“ताई, घड कापताना जरा लांबूनच बघा,” रंजिता म्हणाली. का, ते मात्र तिच्या तोंडून निघेना.

लांबून कोण बघतं? चंदनने कोयत्याने दांडा तोडला आणि घड खांद्यावर घ्यायच्या आत सुलभाताई मुलांना घेऊन फोटोसाठी घडाला चिकटल्या. दांड्यातून थेंब गळले. एक, दोन, मग धारच पदरावर.

“पाणीच आहे,” म्हणत त्यांनी पदर झटकला.

खरंच पाण्यासारखंच दिसत होतं. चीक सुकल्यावर काळा पडतो, आणि तोवर ही मंडळी घरी पोचलेली असणार. चंदनने रंजिताकडे बघून हळूच मान हलवली. बोलू नको. पण तिला राहवेना.

“ताई, ते पाणी नाही, चीक आहे. संध्याकाळपर्यंत काळे डाग पडतील आणि ते निघणार नाहीत. मी लिहिलं होतं, पण मग काढून टाकलं. चूक माझी आहे.”

सुलभाताईंचा चेहरा उतरला. साडी नवी होती. वामन सर घसा खाकरून म्हणाले, “जाऊ दे गं, आपणच पांढरं घातलं.” तेवढ्याने काही सुलभाताईंचं समाधान झालं नाही. त्या पदराचा ओला भाग बोटांनी चोळू लागल्या.

धुरपदाबाई चुलीपासून उठून आल्या. त्यांनी सुलभाताईंना हाताला धरून घरात नेलं, स्वतःचं एक मऊ, विटकं लुगडं काढून दिलं. “हे नेस माय. याच्यावर इतके डाग आहेत की आणखी एक पडला तर तोच लाजंल.”

सुलभाताईंना हसू आलं. लुगड्याचा काचा धुरपदाबाईंनीच मारून दिला. बाहेर आल्या त्या वेगळ्याच चालीने. वामन सरांना गिरधरचा सदरा मिळाला, पोरांना चंदनचे जुने बनियन, गुडघ्याखाली लोंबणारे. मग काय, कुणाला कशाची भीती? दुसरा घड सुलभाताईंनी स्वतः तोडला. पोरं हौदातून निघेनात. जेवताना वामन सरांनी तिसरी भाकरी मागितली, तेव्हा धुरपदाबाईंचा चेहरा असा फुलला की फी-बी सगळं विसरल्या.

निघताना रंजिताने साडीची भरपाई घ्या म्हटलं. सुलभाताईंनी नको म्हणून हात हलवला.

“तू सांगितलं नसतंस, तर घरी जाऊन मी तुझ्या नावाने बोटं मोडली असती. आता ते काढलेलं परत लिही. आणि माझा लुगड्यातला फोटो टाक.”

त्या संध्याकाळी रंजिताने तो फोटो आणि खाली नवा मजकूर टाकला. या वेळी पहिलीच ओळ होती: ‘पांढरे कपडे घालून येऊ नका. जुने कपडे, टॉवेल, टोपी, औषधं आणा. कपडे विसरलात तर सासूबाईंचं लुगडं आहे.’ वेळ, जेवण आणि फी खाली.

चंदनने वाचलं आणि लगेच शेअर केलं.

बुधवारपर्यंत चार कुटुंबांचे फोन आले. त्यातल्या तिघांनी जुने कपडे आणणार नाही असं बजावून सांगितलं. त्यांना लुगडंच हवं होतं. धुरपदाबाई पेटी उघडून बसल्या आणि गिरधरला म्हणाल्या, “बाजारात चला. इतक्या जणींना नेसवायचं म्हणजे आणखी लुगडी लागतील.”