तांत्रिक खुलाशांसाठी संपर्क

सिन्नरच्या एमआयडीसीतल्या रोलर बनवणाऱ्या त्या कारखान्यात दीपकची एक ख्याती होती. टेंडरसोबतचा ई-मेल लिहावा तर त्यानंच! निदान अशी ख्याती आहे, असं दीपकला वाटायचं. इतरांना याची कल्पना नव्हती, कारण तो ई-मेल कारखान्यात कुणी वाचतच नसे.

यावेळी काम मोठं होतं. एका सिमेंट कंपनीला कन्व्हेयरच्या पट्ट्याखालचे रोलर वर्षभर हवे होते. ऑर्डर हुकली तर दुसरी पाळी बंद, असं मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं. दीपकने कंबर कसली. म्हणजे जुना ई-मेल उघडला, नक्कल केली आणि तारीख बदलली.

मग त्याने कागदपत्रांची यादी तीनदा तपासली. सही-शिक्क्यासह निविदेच्या अटी, तांत्रिक माहितीपत्रक, ड्रॉइंग, जीएसटी आणि उद्यम प्रमाणपत्रं, आधीच्या ऑर्डरींच्या प्रती. दर मात्र वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या फाइलमध्ये. जुन्या मेलमध्ये दर नव्वद दिवस वैध होते, निविदेत एकशेवीस मागितले होते. ही चूक त्याने स्वतः पकडली आणि त्याबद्दल स्वतःलाच एक स्पेशल चहा पाजला. तळाशी नेहमीची ओळ होती, ‘तांत्रिक खुलाशांसाठी संपर्क’. तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. त्या ओळीवर आजवर कुणी फोन केलाय का? मुदतीच्या आदल्या दिवशी मेल गेला.

पुढच्या मंगळवारी साडेबाराला सिमेंट कंपनीचं उत्तर आलं. ‘आपण संपर्क म्हणून दिलेले श्री. भिकन यांच्याशी बोलणे झाले. ते दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाल्याचे त्यांनी कळवले. ड्रॉइंगमधील शाफ्टची टोके आमच्या ब्रॅकेटच्या खाचेत बसतील का, याचा लेखी खुलासा अधिकृत व्यक्तीच्या नावासह आज चारपर्यंत पाठवावा. अन्यथा आपली निविदा तांत्रिकदृष्ट्या अपात्र धरली जाईल.’

अठरा वर्षांची लेखनकला, आणि निवृत्त माणसाला कामावर ठेवून बसली होती! दीपकने भिकनकाकांना फोन लावला. निरोपसमारंभात हार घातल्यानंतरचा हा पहिलाच फोन, हेही तेव्हाच त्याच्या लक्षात आलं.

काका देवळाली कॅम्पात लेकीकडे होते. मागे बाजाराचा गलका ऐकू येत होता.

“त्यांच्या ब्रॅकेटची खाच जुनी हाय, साहेब. दोन मिलिमीटरनं रुंद. मागल्या बारीला आपण शाफ्टची टोकं त्या खाचेच्या मापाचीच दिली होती, दर तोच. योगिनीताईला म्हणा, जुनं ड्रॉइंग लोखंडी कपाटात हाय, खालच्या कप्प्यात. सिमेंटवाल्यांना मी म्हटलं, मी आता तिथं नाय, लेखी कंपनीकडून घ्या.”

“काका, उपकार झाले,” दीपक म्हणाला. मग त्याच्या जिभेवर सवयीचं खोटं आलं. “तुमची आठवण म्हणूनच नाव ठेवलं होतं.”

पलीकडे काका मोकळेपणी हसले. “काय साहेब! माझ्या आधी वाघचौरे साहेबांचं नाव होतं. ते वारल्यावर तीन वर्षं त्यांच्या मंडळींना, सिंधुबाईंना बेअरिंगचे फोन यायचे. त्या बिचाऱ्या माझा नंबर द्यायच्या. तवाबी मेल तुम्हीच लिहायचे ना?”

दीपकचे कान तापले. त्याला खरोखर लाज वाटली, आणि काकांना रागसुद्धा आला नाही याची जास्त वाटली. “चुकलो, काका,” एवढंच तो म्हणाला.

ड्रॉइंग खालच्याच कप्प्यात निघालं. डिझाइन बघणाऱ्या योगिनीने ते ताडून पाहिलं, सुधारित प्रत काढली आणि दरात बदल नसल्याचं खुलाशात लिहायला लावलं. आता संपर्काची ओळ. दीपकने फोन चाळला. दोन वर्षं योगिनी त्याच्यापासून तीन टेबलं सोडून बसत होती आणि त्याच्याकडे तिचा नंबरच नव्हता.

“सांग बाई,” तो म्हणाला. तिने सांगितला. तीन चाळीसला मेल गेला.

दीड महिन्याने ऑर्डर आली. मालकांनी पेढे वाटले आणि चक्क म्हणाले, “दीपक, तुझ्या मेलनं काम केलं हां!” हे वाक्य ऐकण्यासाठी तो अठरा वर्षं थांबला होता. “मेलनं नाही, भिकनकाकांनी,” तो म्हणाला, आणि अर्धा किलो पेढे घेऊन संध्याकाळी देवळालीची बस पकडली.

आता जुन्या मेलमधली ती ओळ त्याने रिकामी ठेवलीय. दर टेंडरला तो खुर्चीतून उठतो, तीन टेबलं ओलांडतो आणि योगिनीला विचारतो, “अजून आहेस ना?”