दारातून दिसेल इतकं

टेबलावर होतं ते असं: स्वयंपाकघरातल्या गुंडाळीतून कापलेल्या फॉइलच्या चौदा पट्ट्या, प्रत्येक फूटभर लांब आणि चार बोटं रुंद. लांब दांडीचा एक कंगवा. चार चिमटे. एक चपटा ब्रश, एक प्लॅस्टिकची वाटी. ब्लीच पावडरचं एक पाकीट, डेव्हलपरची एक बाटली, टोनरची एक छोटी बाटली. व्हॅसलिनची अर्धी डबी. हातमोज्यांचे दोन जोड आणि पट्ट्या सरळ कापायला आणलेली स्टीलची पट्टी.

धाकटीने सगळं एकदा मोजलं आणि मग पुन्हा मोजलं. भिंतींच्या रंगांच्या कारखान्यात ती नमुने तपासायची, तिथून ही खोड लागली होती.

"झाली का मोजदाद, शास्त्रज्ञीण बाई?" ताई खुर्चीत बसून खांद्यावर जुना टॉवेल ओढत म्हणाली. "का फॉइलला हजेरीपट पण आहे?"

"कानामागे थोडं मिश्रण लावून बघितलंस का परवा? सांगितलं होतं तसं?"

"बघितलं. खाज नाही, लाली नाही. कान जागेवर आहे."

आतल्या खोलीत आई झोपली होती. जेवण झालं की दोन-अडीच तास झोपायची, तेवढाच दिवसातला मोकळा वेळ. तीन वर्षांपासून आईच्या डोक्यातलं एकेक माणूस पुसलं जात होतं. या घरात आता आई आणि ताई दोघीच राहत. धाकटी चार-पाच महिन्यांतून एकदा यायची, दोन रात्री राहायची आणि परतताना बसमध्ये आपण काहीतरी विसरल्यासारखी पिशवी चाचपत राहायची.

"दोन्ही बाजूंना तीन-तीन फॉइल," धाकटी म्हणाली. "बारीक विणून घेते. कंगव्याच्या टोकाने एक बट उचलायची, एक सोडायची, काडीपेटीतल्या काडीएवढी. दोन छटा उजळ. चेहऱ्याभोवती ऊन पडल्यासारखं दिसेल, कुणाला कळणारही नाही."

"मग करायचं कशाला?"

"म्हणजे?"

"कळणार नसेल तर करायचं कशाला? मला ठळक पाहिजे." ताईने मोबाइल पुढे केला. एका बाईचा फोटो होता, बाजूने काढलेला, तिच्या नकळत काढल्यासारखा. कपाळापासून दोन्ही बाजूंना बोटभर जाड पिवळे पट्टे, बाकी केस काळे. "अस्सं. दारातून दिसलं पाहिजे."

"दारातून? ताई, तू केस रंगवतेयस की दुकानाची पाटी?"

ताई हसली नाही. एरवी असल्या विनोदाला तिच्याकडे सव्वाशेर उत्तर तयार असायचं.

धाकटीने मानेजवळची एक बट आधी करून पाहिली. एक भाग पावडर, दोन भाग डेव्हलपर, दह्याइतकं घट्ट. वीस मिनिटांनी बट तांब्यासारखी झाली, चाळिसाव्या मिनिटाला पिकल्या केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखी फिकी पिवळी. केस ओढून पाहिला, तुटला नाही. सगळा फरक त्या दोन आकड्यांत होता. विसाला धुतलं तर ताई ताईच दिसेल. चाळिसाला धुतलं तर दुसरीच कुणी. धाकटीने मनातल्या मनात ठरवलं, पंचविसाला धुवायचं आणि सांगायचं की तुझे केस याहून उजळ होत नाहीत. तिच्याच भल्यासाठी.

उजवी बाजू तिने आधी घेतली. भांगापासून कानाच्या वरपर्यंत कंगव्याच्या दांडीने रेघ ओढली, मागचे केस चिमट्यात बांधले. मग डावी. रेघ ओढली आणि हात थांबला.

वरचे लांब केस बाजूला होताच खाली कपाळाच्या कडेला दोन नाण्यांएवढी जागा उघडी पडली. तिथे केस होते, पण आखूड. नवीन उगवणाऱ्या केसाचं टोक निमुळतं असतं. हे बोथट होते, मुळाशी मोडल्यासारखे. आणि एका उंचीचे नव्हते. धाकटीने स्टीलची पट्टी उचलली. काही तीन सेंटिमीटर, काही दीड, सर्वांत आखूड सहा मिलिमीटर. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे एकदा नाही. परत परत, आणि शेवटचं दोनेक आठवड्यांपूर्वी.

"हे काय आहे?"

"घट्ट पोनी बांधते ना, त्याने."

"पोनीने दोन्हीकडचे जातात. तुझे डावीकडचेच गेलेत."

"मग डावीकडे झोपते. तू रंग लाव, आई उठेल."

धाकटी तिच्या समोर येऊन उभी राहिली. समोर उभं राहिल्यावर तिचा उजवा हात आपसूक ताईच्या डाव्या कानशिलापाशी आला. समोरच्या माणसाचा उजवा हात. घरात दोघीच. तिने हात खाली घेतला.

"आई?"

ताई टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग अगदी बाजाराचा हिशेब सांगावा तशी बोलायला लागली. "सकाळी तिच्या पायात मोजे घालायला वाकते ना मी. तेव्हा धरते. म्हणते, हलू नको, वेणी घालू दे, शाळेला उशीर होतोय. आणि ओढते. तुला आठवतं ना किती घट्ट घालायची? हात तोच आहे अजून. सोडत नाही."

"मग केस बारीक कापून टाक."

"कापले होते महिनाभरापूर्वी, हे खांद्याएवढे राहिले ते तेव्हाचे. तर कान धरला. म्हणाली, केस कुठं टाकलेस, कार्टे? रुमाल बांधला तर तो फेडून काढते. सगळं करून झालंय माझं, तू नको उपाय सांगूस."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून? तू काय करणार होतीस?"

"मी... मी घेऊन जाते तिला. थोडे दिवस."

"किती?"

धाकटीला आकडा सुचला नाही. आयुष्यभर जिथे-तिथे आकडे सांगणारी पोर, आणि नेमका हाच नाही.

"तो फोटो आईकडून व्यायाम करून घेणाऱ्या बाईंचा आहे," ताई म्हणाली. "मंगळवारी येतात. त्या दारात उभ्या राहिल्या की आई पदर सारखा करते. अहो-जाहो करते. पाय पुढे करते, हात मांडीवर ठेवते. एकदाही केसाला हात लावला नाही त्यांच्या. परक्या माणसाशी ती फार चांगली वागते गं. त्रास फक्त मुलीला."

बाहेर कुणीतरी जिन्यावरून गाणं गुणगुणत उतरलं. धाकटी वाटीतलं मिश्रण उगाच ढवळत राहिली.

"आणि तिने तुला ओळखलंच नाही तर?"

"तेच तर पाहिजे."

"ताई."

"तू दोन रात्री राहतेस. तुला ओळखते का? नाही ना? तरी जिवंत आहेस ना तू?" मग आवाज खाली आणून, "लाव आता. बारीकसारीक नको. आणि लवकर धुवायची चलाखी नको, मी ओळखून आहे तुला."

धाकटीने आखूड केसांवर आणि त्या जागेच्या कातडीवर व्हॅसलिनचा जाड थर दिला, तिथे ब्लीच पोचता कामा नये. विणकाम सोडलं. कपाळाच्या कडेची बोटभर जाड बट घेतली आणि तिचेच चार पातळ थर केले, जाड बटेत आतपर्यंत ब्लीच पोचत नाही. पहिल्या थराखाली फॉइल सरकवलं, मध्यापासून टोकापर्यंत आधी रंगवलं आणि मुळाकडे शेवटी आली, टाळूच्या उबेने तिथला रंग लवकर उतरतो म्हणून. मुळापासून अर्धा सेंटिमीटर जागा सोडली. फॉइल दुमडलं. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. आठ चकचकीत पुड्या ताईच्या चेहऱ्याभोवती लोंबायला लागल्या.

"कशी दिसते?"

"डबा बांधून दिल्यासारखी."

आता ताई हसली. हसताना फॉइल वाजले.

दर पाच मिनिटांनी धाकटी एक पुडी उघडून बघत होती. वीस मिनिटांनी तांबं. पंचविसाला तिने ताईकडे पाहिलं. ताई तिच्याकडेच पाहत होती. धाकटीने पुडी पुन्हा मिटली. तिसाव्या मिनिटाला नारिंगी, पस्तिसाव्याला पिवळा. चाळिसाला तिने बेसिनवर ताईची मान वाकवली आणि गार पाण्याने सगळं धुवून काढलं. टोनरने पिवळेपणातला कच्चा भगवा गेला. वाळवल्यावर चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन फिके पट्टे राहिले, परातीच्या कडेसारखे स्पष्ट. आरशात ताईने स्वतःला पाहिलं, डावीकडचा पट्टा त्या उघड्या जागेवर ओढून घेतला आणि "हं," म्हणाली.

आत पलंग करकरला.

ताई दारात जाऊन उभी राहिली. धाकटी तिच्या मागे, भिंतीला टेकून. आई उठून बसली होती, पाय खाली सोडून. तिने दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पदर सारखा केला.

"या ना," ती म्हणाली. "बसा. तुम्ही आज लवकर आलात."

"हो," ताई म्हणाली. "पाय गार पडले असतील. मोजे घालते."

ती खाली वाकली. तिचं डोकं आईच्या हातांपासून वीतभरावर होतं. आईचे हात मांडीवर होते, एकात एक गुंतवलेले, शाळेतल्या मुलीसारखे. उजव्या हाताचा अंगठा मधूनच हलायचा आणि थांबायचा.

"तुम्हाला उगाच त्रास," आई म्हणाली. "माझी मोठी मुलगी करते हे. कुठं गेलीय कोण जाणे. तिचे केस फार दाट आहेत हो, वेणी घालताना माझा हात भरून येतो. दिसली तर पाठवून द्याल का?"

"देते," ताई म्हणाली आणि दुसरा मोजा टाचेवरून वर ओढला.

सात आठवड्यांनी धाकटी पुन्हा आली. या खेपेला आठवडाभर राहायला, तसं तिने आधी कळवलं होतं. आई दुपारची झोपल्यावर तिने ताईला खिडकीपाशी बसवलं, कंगव्याच्या दांडीने डावीकडे रेघ ओढली आणि पट्टी लावली.

पिवळ्या पट्ट्यांच्या मुळाशी काळा केस: सव्वीस मिलिमीटर. बोथट टोकाचा सर्वांत आखूड केस: सत्तावीस मिलिमीटर, गेल्या खेपेला सहा. त्याहून आखूड: एकही नाही.