सोळा टक्के

अकरा वर्षं वॉर्डात आया म्हणून राबल्यावर तिने नर्सिंगला प्रवेश घेतला. वर्गातल्या पोरी तिला मावशी म्हणत. पहिल्याच मोठ्या निबंधात तिने एका आजोबांच्या पाठीवरच्या जखमांबद्दल लिहिलं. अंथरुणाला खिळल्यापासून अखेरपर्यंत तिनेच त्यांची कूस बदलली होती. निबंध जमा केला आणि शिक्षिकेचा निरोप आला: तपासणीच्या सॉफ्टवेअरनुसार एकाहत्तर टक्के लिखाण एआय मशीनचं दिसतं, सोमवारी समितीसमोर या.

मावशीने त्याच रात्री निबंधाची दुसरी प्रत काढली. मशीनचं लिखाण ओळखणाऱ्या आणि वाक्यं फिरवून देणाऱ्या फुकटच्या साइट शोधून ती त्या प्रतीतली वाक्यं फिरवत बसली. साधे शब्द काढून अवघड घातले, मुद्दाम चुका केल्या. एका साइटवर आकडा सोळावर आला, दुसरीवर चौसष्टच राहिला. तिने मूळ आणि बदललेला असे दोन्ही निबंध कॉलेजच्या लेखन मदत केंद्रातल्या मॅडमना पाठवले आणि विचारलं, अजून काय बदलू?

मॅडमच्या इनबॉक्समध्ये मेलचा ढीग साचला होता. तिची मेल त्यांनी तिसऱ्या दिवशी उघडली. वाचून तडक उत्तर लिहिलं:

"मावशी, आता एक शब्दही बदलू नका. हा आकडा म्हणजे पुरावा नाही, अंदाज आहे. सॉफ्टवेअर फक्त लिखाणाची धाटणी बघतं. कोणी लिहिलं हे त्याला कळत नाही. नेटकं, साधं लिहिणारी माणसंही त्यात नाहक अडकतात. साइट बदलली की आकडा बदलतो, हे तुम्हीच पाहिलंत. त्याच्या मागे लागाल तर तुमचं खरं लिखाण हातचं जाईल, आणि लपवाछपवी केली असंच दिसेल. पहिल्या निबंधाची फाइल उघडा. कोणत्या दिवशी काय लिहिलं, काय खोडलं, याची नोंद तिच्यात आहे. वहीतली टिपणं काढा. शिक्षिकेला भेटून म्हणा, मला यातलं काहीही विचारा."

मावशीने ही मेल कपडे बदलायच्या खोलीत उभ्यानेच वाचली. त्याच सकाळी तिने 'सुधारलेला' निबंध शिक्षिकेला पाठवून दिला होता.

सोमवारी समितीपुढे तिने फाइलमधल्या नोंदी दाखवल्या, वही ठेवली. जखमांबद्दल जे जे विचारलं ते न अडखळता सांगितलं. पहिला निबंध तिचाच आहे हे समितीने मान्य केलं. मग अध्यक्षांनी दुसरा पुढे सरकवला.

"हा का पाठवलात?"

"आकडा कमी व्हावा म्हणून."

ती खरं बोलली, पण निकालात तेच नडलं. चौकशी चालू असताना साइटवर फिरवून घेतलेलं लिखाण स्वतःचं म्हणून दिलं, अशी नोंद झाली. विषय रद्द, सत्र वाया.

मॅडम बाहेर बाकावर बसून होत्या. मावशी शेजारी येऊन टेकली, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "तुमची मेल माझ्याकडे दोन दिवस न उघडता पडून होती."

मावशीने वही पिशवीत घातली. मॅडमना वाटलं, आता ही रडेल किंवा वाट्टेल ते बोलेल. तिने फक्त तोच विषय पुढच्या सत्रात पुन्हा घ्यायचा अर्ज कुठे मिळतो ते विचारलं आणि पिशवी उचलून मॅडमनी दाखवलेल्या खिडकीकडे निघाली.