‘अडलं तर’चा रकाना

बाळा, जरा माझ्याबरोबर कल्पना कर. रविवारची संध्याकाळ आहे, बंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या मराठी मंडळाची खोली. पंखा मुद्दाम बंद ठेवलाय, कारण त्याची घरघर माइकमध्ये शिरते. टेबलाशी उमाकांत आजोबा बसलेत. ते मुलांना पाखरांच्या गोष्टी सांगतात, आणि घरोघरची मुलं त्या फोनवर थेट बघतात. कॅमेऱ्यामागे लॅपटॉप घेऊन ऋचा बसली आहे, तिच्या शेजारी फोन धरून तिची मुलगी शमिका. तू शमिकाच्या पलीकडच्या खुर्चीवर बैस. ती रिकामीच असते.

शमिका नागपूरहून आली, त्याला शाळेचं एक सत्र झालं. इमारतीतली मुलं वाईट नाहीत, पण ती कन्नडमध्ये हसतात, आणि त्यांचं हसून झाल्यावर शमिकाला कळतं की काहीतरी गंमत झाली. तिची मैत्रीण प्रांजली नागपुरातच राहिली. तिचे फोन आधी रोज यायचे, मग रविवारी, मग राहूनच गेले. आजच्या कार्यक्रमाची लिंक शमिकाने तिला पाठवली होती. ‘बघते’ एवढंच उत्तर आलं. आज प्रांजली काहीतरी लिहील म्हणून शमिका त्या फोनवर डोळे लावून होती.

कार्यक्रमाचा कागद ऋचा लिहिते. त्यात रकाने असतात: किती वाजता काय, कोण बोलणार, पडद्यावर काय दिसणार, मुलांना कोणता प्रश्न. शेवटचा रकाना ‘अडलं तर’. आपण इथे बोलतो ते मुलांपर्यंत थोडं उशिरा पोचतं, म्हणून प्रश्न विचारून आजोबा लगेच थांबत नाहीत, बोलत राहतात. तोवर उत्तरं येतात. ती बघायचं काम शमिकाचं. कागद तिला दिलेला नसतो.

त्या दिवशी हेब्बाळच्या तळ्यावरून मंडळातलीच स्मितामावशी फोनवर पाणकावळे दाखवणार होती. एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला दिसला, आणि चित्र तिथेच गोठलं. ऋचाने लाल कार्ड वर केलं. म्हणजे, शेवटच्या रकान्याकडे वळा.

“तोवर सांगा बरं,” आजोबा म्हणाले, “तुमच्या खिडकीतून काय दिसतं?” ते चिमण्यांबद्दल बोलत राहिले. कोणी काही लिहिलं नाही. मग त्यांनी कागदाकडे बघितलं. “हं, नागपूरहून प्रांजली म्हणते, माझ्या खिडकीतून कडुलिंब दिसतो, त्यावर पोपट येतात.”

शमिका ताठ झाली. ती खिडकी तिच्या ओळखीची होती. तिने फोनवर वर शोधलं, खाली शोधलं. तेवढ्यात ऋचाने पाणकावळ्यांची जुनी फीत लावली आणि आजोबांचा माइक बंद केला.

“आई, प्रांजलीचं उत्तर मला दिसत नाहीये.”

ऋचाचा हात थांबला. “अगं, ते मी लिहून ठेवलं होतं. कुणीच काही लिहिलं नाही तर वाचायला. शांतता पडली की मुलं उठून जातात. नाव सुचेना, आणि तिच्या घरची ती खिडकी आठवली.”

“म्हणजे ती आलीच नाही.”

“नुसती बघतही असेल गं.”

“ही मुलगी खरी आहे?” आजोबांनी चष्मा काढला. “मला वाटलं कागदावरची. मागच्या रविवारचा सोलापूरचा खंडोजी?”

“तो कागदावरचाच, काका.”

“त्याला मी शाबासकी दिली. स्वल्प जास्तच.” ते हसायला गेले, पण शमिकाकडे बघून थांबले.

“स्मिता अजून लागत नाही,” ऋचा हळू म्हणाली. “फीत संपत आली. तोच प्रश्न पुन्हा घ्या, खाली दोन उत्तरं उरलीत.”

आजोबांनी कागद पालथा घातला. “सरी, ठीक आहे. प्रश्न घेतो. पण खरं आलं तरच वाचेन. नाही आलं, तर गप्प बसेन.”

“काका, लाइव्हमध्ये गप्प नाही बसता येत.”

“बघू या बसून.”

ऋचाने बोटांनी तीन, दोन, एक केलं. आजोबा कॅमेऱ्याकडे वळले. “मघाशी मी जे उत्तर वाचलं ना, ते आमचंच होतं. आता तुमची सांगा. खिडकीतून काय दिसतं? काही दिसत नसेल तर तेही लिहा.” आणि ते खरंच गप्प बसले.

ऋचा कपाळाला हात लावून बसली. फोनवर कुणाचंही काही नव्हतं. सुरुवातीचा एक ‘नमस्कार’ तेवढा वर दिसत होता.

शमिकाने एकदा शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग तिने स्वतःच्या नावाने लिहिलं, ‘मी शमिका, बंगळुरूहून. माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. तिथे एक मुलगी रोज केस विंचरते. मी तिला अजून हात केलेला नाही.’

तिने ते पाठवलं, आणि आजोबांना वाचता येईल असा फोन त्यांच्यासमोर उंच धरला.