शिफारशीचा शेरा

बदलीचा अर्ज लिहायला मला फारसा वेळ लागला नव्हता. तो साहेबांच्या टेबलावरून पुढे सरकेना, तेव्हा मात्र माझ्या नाकीनऊ आले.

अर्जात मी सरळ लिहिलं होतं: ‘वडिलांना पक्षाघात झाल्यापासून शेजारच्या काकू त्यांचं सगळं पाहतात. त्या आता कायमच्या मुलीकडे राहायला जात आहेत. वडिलांच्या शहरातल्या आपल्या डेपोत माझ्याच कामाची जागा रिकामी आहे. कृपया माझ्या बदलीची शिफारस करावी.’

आमचा डेपो औषधांचा. मुदत संपलेली औषधं दुकानदार परत पाठवतात. ती बॅच नंबरांनुसार तपासायची आणि त्यांच्या खात्यात जमा लावायची, हे माझं काम. बदली मुख्य कार्यालय करतं, पण डेपोच्या साहेबांचा शेरा नसेल तर तिथे कुणी कागद हातात धरत नाही. तिकडची जागा महिनाअखेरपर्यंतच रिकामी राहणार होती, मग बाहेरून माणूस घेणार होते.

साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, “जरा भावनिक झालाय.”

मी तो कोरडा करून आणला.

“आता काळजाला भिडत नाही हो.”

मी पुन्हा काळजाला भिडवला. तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला सुरुवात केली. “खरं सांगू का? तुम्ही गेलात तर डेपो बंद पडेल. कामात अडचण येणार नाही असा शेरा मला द्यावा लागतो. तो मी कोणत्या तोंडाने देऊ?”

“कासव आहेत ना साहेब. सगळं शिकवलंय मी त्यांना.”

कासव हे माझ्या एका सहकाऱ्याचं डेपोतलं टोपणनाव. चुका करत नाहीत, पण फाइल उघडायलाच त्यांना मुहूर्त लागतो.

“कासव?” म्हणून साहेब इतके हसले की अर्ज पुन्हा ट्रेमध्ये गेला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, आणि इथे गाढव माझेच गोडवे गात होतं.

त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला. बाबा न्हाणीघरात पडले होते. मी रजा टाकून निघाले.

हाड मोडलं नव्हतं, पण दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. मी त्यांना चमच्याने पेज भरवत होते आणि डेपोतून माझा फोन सारखा वाजत होता. ‘विनाबिलाचा माल आलाय, घेऊ का?’ ‘फुटक्या बाटल्यांचं काय करायचं?’ ‘ती निळी फाइल कुठेय?’ मी फोन खांद्याशी दाबून सगळं सांगत होते. एकदा तर चमचा बाबांच्या हनुवटीवर गेला. माझी मलाच लाज वाटली, तरी पुढचा फोन आल्यावर हात तिकडेच गेला.

बाबांनी चांगल्या हाताने माझं मनगट धरलं. एकेक शब्द जोर लावून म्हणाले, “तू सांगतेस… म्हणून… विचारतात.”

त्यांच्या त्या एका वाक्याने माझं डोकं ठिकाणावर आलं. मी फोन बंद केला आणि तो थेट बाबांना घरी आणून, काकूंवर सोपवून परतीच्या गाडीत बसल्यावर सुरू केला.

डेपोत शिरताना मी मनाची तयारी केली होती. खोक्यांचा डोंगर दिसेल, दुकानदार तणतणत असतील, साहेब घाम पुसत असतील. पण परतीच्या मालाची फळी मोकळी होती. कासवांनी खोक्यांवर मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या लावल्या होत्या. निळी फाइल त्यांच्या टेबलावर उघडी होती.

“तुमचा फोन लागेना,” ते संथपणे म्हणाले, “मग म्हटलं आपणच बघू.”

मला आनंद व्हायला हवा होता. मला रागच आला, कुणावर ते कळेना. मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले, ट्रेमधला अर्ज काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि वर पेन ठेवलं.

“चाललं की हो डेपो,” साहेब जरा ओशाळून म्हणाले.

“मग तसंच लिहा, साहेब.”

त्यांनी लिहिलं. शिक्का मारला आणि माझ्यासमोरच अर्ज मुख्य कार्यालयाच्या पाकिटात घातला. इतके दिवस मी हट्ट धरला होता तोच शेरा, तरी पाकिटात जाण्याआधी मी तो दोनदा वाचला. त्या डेपोत माझी उमेदीची वर्षं गेली होती.

महिना संपण्याआधी बदलीचा हुकूम आला. मी बाबांना फोन लावला.

“साहेबांनी… काय लिहिलं… होतं?”

“‘यांना सोडल्यास कामात कोणतीही अडचण येणार नाही.’”

मग बाबा म्हणाले, “खोटं… लिहिलंय.” पुन्हा दम घेतला. “पण… तू ये.”