चौथ्या मिनिटाची सूचना

धाकटीने ते काम धरलं ते फक्त सूड उगवायला. लोकांनी विचारलं तर ती सांगायची, आठवड्यातून दोन दुपारी योगाच्या एका चॅनेलवर जायचं, व्हिडिओत काय बोलणार ते आधी कागदावर वाचायचं, कुणाची मान-कंबर मोडेल असं काही असेल तर कापायचं. फिजिओथेरपिस्टला यात अवघड ते काय? खरं कारण घरी बसलेलं होतं. ताईच्या डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली होती, आणि डाव्या हाताशी ठेवलेला कप शोधायलाही तिला अख्खी मान वळवावी लागत होती.

ताईला काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढतो, नस हळूहळू मरते आणि मेलेली नस परत येत नाही, म्हणून रोज वेळच्या वेळी थेंब घालायचे. अकरा वर्षं ताईने एक वेळ चुकवली नव्हती. मग या चॅनेलच्या सरांचा व्हिडिओ आला: तीस दिवस सर्वांगासन, आणि थेंबांना रामराम. सरांचा आवाज असा, की दगडालाही झोप लागावी. ताईने थेंब बंद केले आणि रोज सकाळी पाय वर करून खांद्यांवर उभी राहिली, म्हणजे औषध गेलं आणि वर उलटं होऊन दाब आणखी वाढवला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा उशीर झाला होता. ताईच्या ईमेलवरून धाकटीने चॅनेलला खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं: ‘व्हिडिओत चौथ्या मिनिटाला सूचना दिलेली आहे.’

सूचना होती, खोटं नाही. चौथ्या मिनिटाला पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत सहा सेकंद पट्टी यायची. पण आसन सुरू व्हायचं तिसऱ्या मिनिटाला. ज्याने वाचायचं त्याचे पाय तोवर छताकडे.

पुढे चॅनेलवर तक्रारी वाढल्या, चॅनेल चालवू देणाऱ्या कंपनीने एक व्हिडिओ उडवला, आणि आणखी एक उडाला तर चॅनेलच बंद करू अशी तंबी दिली. तेव्हा सर धावतपळत शिकलेला तपासनीस शोधू लागले. धाकटी गेली. आडनाव वेगळं, ओळखायचा प्रश्नच नव्हता. सरांनी तिला कामावर घेतलं आणि प्रत्येक व्हिडिओखाली तिची पदवी टाकली. तिची सही नसेल तर कुठलाही व्हिडिओ, जुना असो वा नवा, ठेवायचा नाही, असं त्यांनी स्वतःच कंपनीला लिहून दिलं. दाखवायचे दात.

तिचा बेत साधा होता. ती ओळी कापणार, कापलेल्या कागदाची तारखेसह प्रत ठेवणार. सर आपल्या सवयीने ती ओळ तरीही बोलणार. मग सगळी फाइल त्याच कंपनीकडे, आणि सरांना ‘मला कुणी सांगितलंच नाही’ म्हणायला तोंड उरणार नाही. झालंही तसंच. ‘मणक्यातली सरकलेली गादी आठवड्यात जागेवर बसते’ ही ओळ तिने लाल शाईने कापली, सरांनी ती हसत हसत कॅमेऱ्याला सांगितली. ‘बीपीची गोळी हळूहळू सोडा’ ही कापली, तीही तशीच व्हिडिओत गेली. त्या दुपारी धाकटी घरी जाताना गाणं गुणगुणत होती. अजून एकदा पाय घसरला, की माणूस पुरता आडवा.

ज्या व्हिडिओपायी ताईचा डोळा गेला त्याला मात्र तिने हातच लावला नाही. तो फाइलमधला सगळ्यात मोठा पुरावा होता. तो चॅनेलवरच दिसायला हवा होता.

तिसऱ्या आठवड्यात संकलन करणाऱ्या मुलीने तिला त्याच व्हिडिओखालची एक प्रतिक्रिया दाखवली. कुणा बाईने आदल्या दिवशी लिहिलं होतं, ‘मलाही काचबिंदू आहे. आजपासून थेंब बंद केले. धन्यवाद सर.’ खाली चॅनेलने लाल बदाम दिला होता.

धाकटीने तारीख पुन्हा वाचली. आदल्या दिवशी. तीन आठवडे ती याच खोलीत बसून होती आणि तिने नुसती सही नाकारली असती तरी तो व्हिडिओ उतरवावा लागला असता. तिने आधी त्या बाईला लिहिलं, ‘थेंब लगेच सुरू करा, आजच तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा.’ मग ती तरातरा चित्रीकरणाच्या खोलीत गेली. स्वतःवरचा राग तिला कुठेतरी ओतायचाच होता, आणि ओतायला लायक माणूस समोर चटईवर बसला होता.

तिने व्हिडिओ आत्ताच्या आत्ता उतरवायला सांगितलं. सर समजुतीच्या सुरात म्हणाले, सूचना आहे की.

“सर, सर्वांगासनात जा.”

त्यांना वाटलं, बाईंना काही शिकायचंय. झोकात गेले. धाकटीने फोन त्यांच्या शेजारी जमिनीवर ठेवला आणि चौथं मिनिट लावलं.

“आता सूचना वाचा.”

सरांनी डोळे तिरके केले, मग मान वळवायला लागले.

“मान वळवू नका. या आसनात मान वळवली तर मणक्याला इजा होते. ही ओळ मी तुमच्या कागदावर तीनदा लिहिलीय.”

पट्टी गेली. सर खाली आले तेव्हा तोंड लाल झालं होतं, उलटं राहिल्याने की आणखी कशाने, सांगणं कठीण. “पट्टी आधी लावू,” ते म्हणाले, “विषय संपला.”

“पट्टी आधी लावून दावा खरा होत नाही,” धाकटी म्हणाली. “तुमच्या या दाव्यापायी माझ्या बहिणीचा डोळा गेला. तुम्ही तिला एका ओळीत वाटेला लावलं होतं.”

तिने फाइल चटईवर ठेवली. सरांनी चार पानं चाळली आणि पाचवं उलटलंच नाही.

व्हिडिओ त्याच मिनिटाला उतरला. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याच चटईवर बसून चुकीची कबुली दिली. मजकूर धाकटीने एकटीने लिहिला नाही. डोळा तिचा विषय नव्हता; तो भाग ताईच्या डॉक्टरांकडून लेखी तपासून आणला. सर पहिल्याच वाक्यात बोलले: मला डोळ्यांच्या आजाराबद्दल बोलायचा अधिकार नव्हता, मी चुकीचं सांगितलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही औषध बंद करू नका, काचबिंदू असेल तर उलटी आसनं करू नका. ते मध्येच ‘कदाचित’ घुसवायचे, कधी ‘काही जणांना’. धाकटी प्रत्येक वेळी हात वर करायची. अकरा वेळा घ्यावं लागलं. शेवटी त्या आवाजातला मध पार आटला, आणि तिला ते ऐकून मनापासून बरं वाटलं. फाइल तिने तरीही पाठवली. महिन्याभरात चॅनेल बंद झालं.

त्या बाईचं उत्तर कधीच आलं नाही. तिची प्रतिक्रिया व्हिडिओबरोबरच गेली होती, तरी चॅनेल बंद होईपर्यंत धाकटी कबुलीच्या व्हिडिओखाली रोज बघत होती. मग बघायची जागाही गेली.

ताईला तिने सगळं रंगवून सांगितलं, मान वळवण्याचा किस्सा तर दोनदा. ताई कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली. मग डोळे पुसत तिने विचारलं, “पण तो व्हिडिओ तू गेल्या गेल्याच उतरवायला लावलास ना गं? नाहीतर माझ्यासारखी आणखी कुणी...”

“पहिल्याच दिवशी,” धाकटी म्हणाली.

ताईने डाव्या बाजूला चाचपत तिचा हात शोधला आणि थोपटला. धाकटीने तो काढून घेतला नाही, पण तिला ताईच्या चांगल्या डोळ्याकडेही बघवेना.